शून्य वाढ

जळगावचं दुकान वडिलांमागे आम्हा भावाबहिणीच्या नावावर आलं. माझा अर्धा हिस्सा भावाला हवा होता, म्हणून अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी माहेरी आले तेव्हा त्याने किंमत मांडली. तो करसल्लागार, आणि मी धुळ्याच्या कॉलेजात मालमत्तेची किंमत काढायलाच शिकवते.

"अक्का, खर्च जाऊन पुढच्या वर्षीचं भाडं एक लाख वीस हजार. ते कायम येत राहणार. आपल्याला दहा टक्के परतावा हवा, म्हणजे भाडं भागिले दहा टक्के. बारा लाख. तुझे सहा."

"भाडं करारानुसार दरवर्षी पाच टक्के वाढतं," मी म्हणाले. "दहातून पाच वजा कर आणि उरलेल्या पाच टक्क्यांनी भाग. चोवीस लाख होतात."

"वाढीचा काय भरवसा? भाडेकरू उद्या निघून गेला तर?"

"जोखीम वाटते तर परतावा बारा टक्के धर. वाढ शून्य का धरतोस?"

आई मध्येच म्हणाली, "सणाच्या दिवशी भावाशी घासाघीस करतेस? माहेर नको का तुला?"

मी सहा लाखांवर हक्क सोडला. त्याच आठवड्यात तो माझ्यासमोर फोनवर एका व्यापाऱ्याला सांगत होता, "शेठ, भाडं दरवर्षी वाढतं. चोवीसच्या खाली बोलू नका."

आजही तो दर अखाजीला मला हजाराची साडी देतो. पहिल्या वर्षीही हजाराचीच होती. शून्य वाढीचा शब्द त्याने तेवढ्या एका ठिकाणी पाळला.