आठवड्याला तीन फेऱ्या

सोलापूरच्या एसटी स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून धर्मपाल बनसोडे यांनी एकवीस वर्षं काढली, त्याआधी दहा वर्षं कंडक्टरकी केली. कुठली गाडी किती वाजता सुटली आणि कुठली सुटलीच नाही, हे लिहायचं त्यांचं काम. रद्द झालेली फेरी ते लाल पेनाने लिहीत, आणि एक ओळ जरी लाल झाली तरी दिवसभर त्यांना जेवण गोड लागत नसे. माणसं निवृत्त होतात, त्यांचे स्वभाव काही निवृत्त होत नाहीत. बुधवार पेठेतल्या घरी बसूनही धर्मपाल स्वतःवर डोळे वटारून पाहत, जणू आपणच उशिरा आलेली गाडी आहोत.

त्यांच्या मनात एक सल होता. त्यांच्या पत्नी मीनाबाई गेल्या तेव्हा त्यांना घरात चटईवर ठेवलं होतं. सगळ्यांनी वाकून फुलं वाहिली. धर्मपालांचे दोन्ही गुडघे तेव्हाच गेलेले. त्यांना खाली वाकता येईना, आणि धरून खाली बसवलं तर परत उठवायला चार माणसं लागणार. मग मुलीने, कीर्तीने, त्यांच्या हातातलं फूल घेतलं आणि आईच्या पायावर ठेवलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसाराचा निरोप असा दुसऱ्याच्या हातून गेला. पहिल्या स्मृतिदिनालाही ते मागे खुर्चीवर बसले होते. दुसऱ्या स्मृतिदिनाला, येत्या नऊ फेब्रुवारीला, आपण सगळ्यांसारखं गुडघे टेकून वंदना म्हणायची आणि आपल्या पायांनी उठायचं, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं होतं.

जुलैमध्ये कीर्तीने त्यांना फिजिओथेरपीला नेलं. तिथल्या वैष्णवी मॅडम पोरसवदा, पण कामाला चोख. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, पायरी चढणं-उतरणं, घोट्याला किलोभर वजन बांधून पाय उचलणं, असे व्यायाम त्यांनी शिकवले आणि कागदावर लिहून दिलं : आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून.

धर्मपालांनी तो कागद वाचला आणि मनातल्या मनात बाजूला सारला. तीनदा म्हणजे आळशी माणसाला दिलेली सूट, असं त्यांना वाटलं. मॅडम लोक म्हाताऱ्याकडे बघून कमीच सांगतात. त्यांनी कीर्तीला मोबाईलवर सवयींची नोंद ठेवणारं ॲप टाकायला लावलं. तिने घाईत नाव लिहिलं, 'व्यायाम', आणि ॲपने आपणहून पुढे धरलेलं 'दररोज' तसंच राहू दिलं. रोज व्यायाम झाला की खूण करायची. सलग किती दिवस झाले, तो आकडा वर दिसायचा.

झालं! माणसाला त्याच्या जुन्या रोगाचं औषध म्हणून तोच रोग पाजला. वीस दिवस, चाळीस दिवस, साठ दिवस. श्रीपूरचा थोरला भाऊ वारला, त्या मातीच्या दिवशीसुद्धा धर्मपालांनी मागच्या खोलीचं दार लावून वजन बांधून पाय उचलले. बाहेर वहिनी रडत होत्या आणि हे आत मोजत होते. खूण झाल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा खूण केली.

सत्त्याण्णव दिवस झाले. अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सकाळी उजवा गुडघा टम्म सुजला होता, हात लावला तर गरम. खाटेवरून पायच खाली घेववेना. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं, तर वर मोठं शून्य.

त्यांनी मोबाईल पालथा ठेवला आणि व्यायाम सोडला. एक दिवस नाही, पाच आठवडे. सूज आठवड्यात उतरली होती, पण शून्य काही उतरत नव्हतं. कीर्ती शाळेत शिकवायला जाई, तिला वाटे बाबांचं चालू आहे. मांड्यांत आलेलं बळ हळूहळू गेलं. नोव्हेंबर सरत आला तेव्हा ते न्हाणीघराच्या उंबऱ्याला भिंत धरायला लागले, आणि तिच्या लक्षात आलं.

"सत्त्याण्णव दिवस पाण्यात गेले. आता कशाला?" ते म्हणाले. "नऊ फेब्रुवारीला खुर्ची टाक मला. मागंच बसतो."

ते वाक्य ऐकून कीर्तीला रडू आलं. ती त्यांना वैष्णवी मॅडमकडे घेऊन गेली.

"काका, मी तीनदा सांगितलं होतं ना?" मॅडमनी गुडघा दाबून पाहिला. "वजनाच्या व्यायामानं स्नायू थकतो. मग विसावा मिळाला की भरतो. तुम्ही त्याला विसावाच दिला नाही. न केलेला दिवस पण व्यायामातच धरलाय मी."

"पर म्याडम, मंगळवारी केलं न्हाय म्हंजे ती फेरी रद्दच की."

मॅडमना फेरी कळली नाही. त्या कीर्तीकडे बघायला लागल्या. कीर्ती एसटीवाल्याचीच मुलगी. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या स्टँडवरनं एक बाजाराची गाडी जायची ना, आठवड्यात तीनच दिवस? बाकीच्या दिवशी तिची लाल नोंद करायचा का?"

"त्या दिवशी ती नसतीच. रद्द कशी लिवायची?" ते फणकाऱ्याने म्हणाले. मग त्यांची नजर आपल्या गुडघ्याकडे गेली. एकवीस वर्षं जो न्याय त्यांनी गाड्यांना दिला, तो स्वतःला द्यायचं त्यांना सुचलं नव्हतं.

तिथेच बाकावर कीर्तीने ॲपमध्ये 'दररोज' काढून 'आठवड्यातून ३ वेळा' केलं. आता सोमवारपासून रविवारपर्यंत तीन गोल दिसत. वार कुठलेही चालतील, मध्ये एक दिवस सोडायचं तेवढं आपण पाहायचं. तीन भरले की आठवडा पूर्ण, आणि सलग मोजायचे ते आठवडे.

डिसेंबर सरला. कधी सोम-बुध-शुक्र, कधी पाहुणे आले म्हणून मंगळ-गुरू-शनी. जानेवारीत त्यांना ताप आला आणि रविवारी दोनच गोल भरलेले राहिले. कीर्ती घाबरली. आता पुन्हा मोबाईल पालथा पडतो की काय!

"ह्या आठवड्याची एक फेरी रद्द झाली," धर्मपाल पांघरुणातून म्हणाले. "दोन गेल्या की! मार्ग बंद पडला न्हाय." ताप उतरल्यावर, बुधवारी, त्यांनी पुन्हा हलकं वजन बांधलं.

नऊ फेब्रुवारीला घरात सतरंजी अंथरली. मीनाबाईंच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. भंतेजी आले. मागे एक खुर्ची ठेवलेली होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. धर्मपाल पुढे आले. एक हात जमिनीला लावून त्यांनी आधी डावा गुडघा टेकला, मग उजवा. फूल वाहिलं. कपाळ सतरंजीला लागलं, तेव्हा त्यांचे खांदे हलताना दिसले. वंदना सुरू झाली तरी त्यांनी डोकं वर घेतलं नाही. दोन वर्षांचं साचलेलं होतं ते.

मग ते उठले. वेळ लागला. कीर्ती हात द्यायला सरसावली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. डावा पाय उभा केला, मांडीवर हात रेटला आणि उभे राहिले.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर कीर्तीने मोबाईल आणून दिला. आठवड्याचा एक गोल अजून रिकामा होता.

"बाबा, आज खूण करा की. आजच्यासारखा व्यायाम कुठला?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि मोबाईल तिच्या हातात परत दिला.

"आज फेरी नव्हती," ते म्हणाले. "आज तुझ्या आईकडं गेलतो."