विषय: विनंती अर्ज

माझ्या दादाला कामावर सगळे ‘सूतभर’ म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दार तयार झालं, मालक खूश झाला, पैसे द्यायला हात खिशात गेला, तरी दादा डोळा बारीक करून म्हणणार, “थांबा, सूतभर जास्त आहे.” आणि पुन्हा रंधा मारत बसणार. कपाटाचे तुकडे तो दुकानात कापतो आणि ते बसवायला दुसरीच माणसं जातात, म्हणून प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘डावी बाजू, वरचा कप्पा, गुळगुळीत तोंड आत.’ बसवणाऱ्याला दादाचा चेहराही माहीत नसतो, पण फळी चुकत नाही.

अशा माणसाने जेव्हा सरकारला पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा विषयाच्या जागी लिहिलं: ‘विनंती अर्ज’. मला अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. आजारपणात शाळा सुटली, म्हणून ती दहावीला बाहेरून बसली. अभ्यास सगळा ऐकून केला. वहिनी धडे वाचायची, पोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी वहिनीलाच चुका दाखवायची. तिची उत्तरं लिहायला शेजारची नववीतली मुलगी तयार होती. फक्त लेखनिक घ्यायची लेखी परवानगी परीक्षेच्या कार्यालयाकडून हवी होती. शाळा नव्हती, त्यामुळे अर्ज बापानेच करायचा. परीक्षेला दोन महिने होते. दोन महिन्यांत दादा अख्ख्या घराचं लाकूडकाम करतो.

पहिलं पत्र दोन पानी होतं. पोरीचं आजारपण, डॉक्टरांची नावं, वहिनीचे कष्ट, सगळं त्यात होतं. लेखनिक हा शब्द दुसऱ्या पानाच्या तळाशी आला होता. आवक खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारला, पोच दिली. वीस दिवस काही नाही. चौकशीला गेलो तर बाई म्हणाल्या, “संकीर्णमध्ये गेलं असेल.” संकीर्ण म्हणजे ज्या कागदांचं काय करायचं ते कळत नाही, त्यांचा ढीग. तो सवडीने बघतात, आणि सवड कोणाला असते?

दुसऱ्या पत्रात दादाने विषय सुधारला: ‘माझ्या दृष्टिहीन मुलीस मदत मिळणेबाबत’. बारा दिवसांनी उत्तर आलं. दादा ते वाचत पायऱ्या चढला तेव्हा चेहरा उजळलेला होता, आणि शेवटच्या पायरीवर तोच चेहरा पडला. सहाय्य शाखेने लिहिलं होतं, ‘उत्पन्नाचा दाखला जोडावा.’

“आपण पैसे कुठे मागितले?” वहिनीने विचारलं.

“मागत असतील कागद. देऊन टाकू,” दादा म्हणाला. आठ दिवस काम बंद ठेवून त्याने तो दाखला मिळवला. मी तेव्हा त्याला हलवून जागं करायला हवं होतं.

त्याऐवजी मी शहाणपण केलं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, चार पत्रं लिहिलेली आहेत, अक्षर बरं आहे. म्हटलं, दादा, बाजूला हो. मी एका ओळीचा कडक विषय घातला: ‘आवक क्रमांक ४४१२ बाबत स्मरणपत्र’. केवढा रुबाब वाटला मला! तो क्रमांक सहाय्य शाखेकडे गेलेल्या पत्राचा होता. माझं स्मरणपत्र इमानेइतबारे त्याच फायलीला जाऊन चिकटलं. दहा दिवसांनी उत्तर: ‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’ चुकीच्या टेबलावर विचार चालला होता, आणि तिथे तो मीच पुन्हा पाठवला होता.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. सोमवारी अकराला पहिला पेपर. त्या दिवशी रांग नव्हती. मी आवाज चढवला. बाईंनी चष्मा काढला, तिन्ही पोचा समोर मांडल्या आणि म्हणाल्या, “ताई, दिवसाला दोनशे कागद येतात. मी पत्र वाचत नाही, विषय वाचते. विषयात जे असेल त्या शाखेच्या खणात टाकते. यात परीक्षा कुठे आहे? लेखनिक कुठे आहे?”

“हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?”

“पहिल्या दिवशी तुमच्यामागे तीस माणसं होती.”

मला त्यांच्याशी भांडायचं होतं, आणि भांडायला जागाच राहिली नाही. दादा मात्र त्या खणांकडे बघत होता. प्रत्येकावर पट्टी होती: परीक्षा, प्रमाणपत्र, सहाय्य, संकीर्ण. तो हळूच म्हणाला, “म्हणजे फळीच्या मागची खूण. आणि मी लिहीत होतो, ‘लाकूड’.”

त्याने तिथेच कट्ट्यावर नवा कागद काढला. विषय: ‘दहावीच्या परीक्षेसाठी दृष्टिहीन विद्यार्थिनीस लेखनिकाची परवानगी मिळणेबाबत’, पुढे पोरीचा बैठक क्रमांक, खाली चार ओळी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. कागद अर्ध्या तासात परीक्षा शाखेच्या टेबलावर होता. तिथल्या माणसाने वाचला, मान डोलावली. “काहीच अडचण नाही. असे आदेश रोज काढतो. साहेबांची सही हवी, साहेब आता सोमवारी.”

“सोमवारी पेपर आहे हो,” दादा म्हणाला.

“मग एवढ्या उशिरा का आलात?”

दादाने तिन्ही पोचांची घडी घालून ती खिशात ठेवली. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी केंद्रावरच्या मुख्य बाईंनी आदेशाशिवाय लेखनिकाला आत सोडलं नाही. नियम आहे, त्यांचंही बरोबरच होतं. या सगळ्या प्रकरणात प्रत्येकाचं बरोबरच होतं, त्याचाच मला संताप येतो. शेजारची मुलगी दोन पेनं घेऊन फाटकाशी बसून राहिली. भाची एकटी आत गेली, अर्धा तास कोऱ्या उत्तरपत्रिकेसमोर बसली आणि बाहेर आली. “आत्या, प्रश्न मला वाचूनच दाखवले नाहीत कोणी,” एवढंच म्हणाली. आदेश दुपारी एकला आला. पुढचे सगळे पेपर तिने दिले आणि छान दिले. पहिला, भाषेचा, तिला सगळ्यात जास्त येणारा, तेवढा गेला.

पावसाळ्यात त्या एका पेपरची फेरपरीक्षा होती. लेखनिकाची परवानगी पुन्हा घ्यायची होती. दादाने विषय आधी एका फळीच्या तुकड्यावर लिहिला, दोनदा खोडला, मग कागदावर उतरवला. खिडकीवर त्याच बाई होत्या. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली, शिक्का मारला, मान वर न करता हात मागे नेला आणि कागद परीक्षेच्या खणात टाकला.

दादा हलेना.

“अजून काही?” बाईंनी विचारलं.

“नाही. एवढंच?”

“एवढंच.”

आम्ही घरी आलो तेव्हा भाची उंबऱ्यावर बसली होती. पावलांवरून तिने आम्हाला ओळखलं आणि विचारलं, “एवढ्यात आलात? बाबा, काम झालं नाही का?”

दादाने चपला काढल्या, त्या सरळ एका रेषेत लावल्या, आणि तिच्याकडे न वळताच म्हणाला, “झालं. एका ओळीचंच काम होतं.”