पाठकोऱ्या कागदावरची विनंती

आमची इमारत शनिवारी रिकामी करायची होती आणि ज्या सोसायटीत आम्हाला भाड्याने जायचं होतं तिची कमिटी रविवारी बसणार होती. सगळा घोळ त्या एका दिवसाचा.

डोंबिवलीतली आमची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली. बाकीचे लोक आधीच पांगले होते. आम्हीच मागे राहिलो, कारण आम्हाला लिफ्ट हवी होती. सासऱ्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. वॉकर घेऊन ते घरभर फिरत, पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीला चेहरा पांढरा पडे. वाचनालय आणि डॉक्टर याच भागात, त्यामुळे लांब जायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी पाच मिनिटांवरच्या एका सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. मालकीणबाई ठाण्याला राहतात. त्या सरळ बोलल्या, "सोसायटीचा होकार आला की करार करू. बुधवार संध्याकाळपर्यंत थांबते. माझ्याकडे आणखी एक जण विचारतोय, म्हणून सांगून ठेवते."

दुसरा पर्याय माझ्या वहीत लिहिलेला होता: विठ्ठलवाडीला नणंदेकडे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुढे कंसात: बाबा वर गेले की खाली कधी?

मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलापलीकडे काय काय उभं राहतं ते मी वीस वर्षं बघतेय. कुणी नगरसेवकाचं पत्र आणतं, कुणी रडतं, कुणी 'वरपर्यंत जाऊ' म्हणतं, एकाने तर हापूसची पेटी टेबलाखाली सरकवली होती. अशा माणसाचा अर्ज मी हातात घेते तेव्हा माझी बोटं आपोआप मंद होतात. त्यामुळे आपण कुणाकडे अशा वेळी गेलो तर कसं जायचं नाही, याची मला पक्की माहिती होती.

नवऱ्याचं मत वेगळं होतं. "अगं, उपविधी दाखव ना त्यांना. भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, मालकाने फक्त कळवायचं असतं. मी प्रिंट काढून देतो."

"आणि मग तिथेच राहायचं? त्याच लिफ्टने वरखाली करायचं?"

"बरोबर आहे ना पण माझं?"

"बरोबर आहेस म्हणूनच गप्प बस."

बाबा कोचावरून म्हणाले, "आणि माझा गुडघा कुणापुढे काढायचा नाही. मी काय दाखवायची वस्तू आहे?"

"नाही काढणार, बाबा."

"शपथ?"

"लिहून ठेवते."

आणि मी खरोखरच लिहून ठेवलं.

पत्र छोटं केलं. आमची इमारत शनिवारी सोडायची आहे, त्या दिवशी वीज-पाणी तोडणार आहेत. मालकीणबाई बुधवारपर्यंत थांबणार आहेत. आपली सभा रविवारी आहे हे माहीत आहे. त्याआधी निर्णय घेण्याची काही सोय आपल्या पद्धतीत असेल तर कृपया विचार व्हावा. नसेल तर तसं कळवावं, म्हणजे आम्हाला दुसरी व्यवस्था करता येईल. आपला निर्णय काहीही असला तरी समजून घेऊ. बास. सोबत ओळखपत्रांच्या प्रती.

प्रिंटरला दोन प्रती सांगितल्या होत्या, एक द्यायला, एक पोच घ्यायला. सवयीने तिसरीही निघाली. आमच्या घरात एका बाजूने कोरा कागद फेकणं हे ताटात अन्न टाकण्याइतकंच वाईट समजतात. असे पाठकोरे कागद क्लिपला लावून ठेवतो. वाणसामान, धोब्याचे कपडे, गॅसचा नंबर, सगळं त्यावर. म्हणून त्या तिसऱ्या प्रतीच्या पाठीवर मी आठवडाभर आधीच्या शनिवारी, रात्रीचं वरण उकळत असताना, दुसऱ्या दिवसाची यादी केली:

सेक्रेटरींशी काय बोलायचं नाही
१. उपविधी काढायचे नाहीत. (परवानगी लागत नाही हे त्यांनाही माहीत असणारच.)
२. बाबांचा गुडघा काढायचा नाही. शपथ.
३. 'आजच सांगा' म्हणायचं नाही.
४. मालकीणबाईंकडे दुसरं गिऱ्हाईक आहे हे सांगायचं नाही. धमकी वाटते.
५. पेढे न्यायचे नाहीत. नवऱ्याच्या पिशवीवर लक्ष ठेवणे.
६. ते मुद्दाम लांबवतात असं त्यांच्या इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याने सांगितलंय. चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.
७. रडायचं नाही. आलंच तर सर्दी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दहाला सोसायटीचं ऑफिस उघडलं. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक कपाट, दोन खुर्च्या. सेक्रेटरी सत्तरीचे, रेल्वेतून निवृत्त, शर्टाच्या खिशात तीन पेनं. तिन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये होते, मी वरचे दोन काढून दिले. त्यांनी एकावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, सही केली आणि पोच म्हणून मला दिला. दुसरा फाइलला लावला.

"सभा पुढच्या रविवारी," ते म्हणाले.

"हो काका, माहिती आहे. काही सोय असेल तर बघा. नसेल तर तेवढं कळवा."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी अगदी सभ्य चेहरा करून उठले. यादीतले सातही मुद्दे पाळले होते. घरी येताना स्वतःवर इतकी खूश होते की वाटेत जिलबी घेतली.

घरी येऊन यादीवर बरोबरच्या खुणा करायला फोल्डर उघडला. आत दोन कागद. एकावर शिक्का. दुसरा दोन्ही बाजूंनी पाहिला. पाठ स्वच्छ कोरी.

माझ्या तोंडातून काय निघालं ते लिहीत नाही. नवरा जिलबी खाता खाता थांबला. सगळं ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला, "माझ्या पिशवीवर का लक्ष?"

"तुझ्या पिशवीत पेढे होते म्हणून."

"ते तसेच घेतले होते."

परत जाऊन कागद मागावा का? मागितला तर ते नक्की उलटून बघतील. न मागितला तर कदाचित उलटणार नाहीत. रेल्वेतला माणूस, फाइलला लावलेला कागद, कोण कशाला मागची बाजू बघतंय, असं मी मनाला समजावत होते. पण माझ्याकडे येणारा प्रत्येक अर्ज मी उलटून बघते हेही मला माहीत होतं.

संध्याकाळी फोन आला.

"मॅडम, सोसायटीतून बोलतोय. तुमच्या अर्जाची दुसरी बाजूही अर्जाचाच भाग धरायची का?"

"काका, ती चुकून..."

"कारण आवक क्रमांक पूर्ण कागदाला पडतो. अर्ध्याला पडत नाही."

"काका, माफ करा. तो इस्त्रीवाला..."

"त्याचं नंतर बघू. ऐका. तातडीचा विषय असला तर आमच्याकडे कागद फिरवायची पद्धत आहे. कमिटीत नऊ जण. पाच सह्या झाल्या की झालं, पुढच्या सभेत ते कायम करायचं. कागद वॉचमन फिरवेल. तुम्ही कुणाच्या दारात जायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही."

"नाही करणार. मग तो कागद..."

"मूळ अर्जच फिरतो. झेरॉक्स चालत नाही."

मी फोन ठेवला. म्हणजे आता ती यादी नऊ घरं फिरणार होती. मी सर्दीचं निमित्त करून रडणार होते, हे त्या इमारतीतल्या नऊ लोकांना आम्ही राहायला जायच्या आधीच कळणार होतं.

सोमवार गेला. मंगळवारी शाळेत माझं लक्ष नव्हतं. एका पालकाने विचारलं, "प्रवेशाचं कधी कळेल हो?" एरवी मी 'बोर्डावर लागेल' म्हणते. त्या दिवशी त्याला म्हटलं, "गुरुवारी दुपारी. त्याआधी येऊ नका, फेरी फुकट जाईल." तो इतका सुखावला की जाताना थँक्यू म्हणाला. कधी कळेल एवढं कळलं तरी माणूस निम्मा सुटतो, हे मला वीस वर्षांनी तिथे कळलं.

बुधवारी सकाळी मी नणंदेला फोन करून गाद्या किती आहेत ते विचारलं. बाबा आतून म्हणाले, "मी ऐकतोय हां." वॉकर भिंतीशी उभा होता. त्याच्याकडे ते बघत होते, जणू तिसऱ्या मजल्याचा हिशेब त्याच्याशीच करायचा होता.

दुपारी चारला वॉचमन शाळेच्या फाटकावर पाकीट घेऊन आला. आत होकाराचं पत्र, आणि सोबत माझ्या अर्जाची झेरॉक्स, दोन्ही बाजूंची. पुढच्या बाजूला सहा सह्या. मागच्या बाजूला शेरे.

पहिल्या मुद्द्यासमोर: 'माहीत आहे.'

दुसऱ्यासमोर वेगळ्या अक्षरात: 'उजवा की डावा? माझा डावा. डॉक्टर कोण?'

पेढ्यांसमोर: 'नंतर चालतील.'

सातव्यासमोर एका बाईंच्या सुबक अक्षरात: 'आमच्याकडे वेखंड आहे.'

आणि सहाव्यासमोर सेक्रेटरींच्या हिरव्या शाईत: 'मुद्दाम लांबवत नाही. लोक तारीख सांगत नाहीत, नुसतं लवकर करा म्हणतात. आपण सांगितलीत.'

मी शाळेच्या फाटकातच उभी राहून मालकीणबाईंना फोन केला. "होकार आला."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "त्या दुसऱ्याला मी कालच नाही म्हणणार होते, पण म्हटलं बघू." लगेच दुसऱ्या दिवशीची करारनोंदणीची वेळ ठरली.

शनिवारी सामान हललं. त्या सोसायटीत सामानाच्या वेळी लिफ्टबद्दल कडक नियम आहेत. तरी सेक्रेटरी खाली उभे होते. वॉचमन लिफ्टचं दार धरून होता. आत एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली. "पहिली फेरी माणसांची," सेक्रेटरी म्हणाले. "सामान नंतर." बाबांना त्यांनी नमस्कार केला. गुडघ्याकडे चुकूनही पाहिलं नाही. इतकं कटाक्षाने पाहिलं नाही की ते कुणाच्याही लक्षात आलं असतं.

बाबा खुर्चीवर बसले. लिफ्ट सुरू झाली. पहिला मजला गेला, दुसरा गेला. त्यांनी खुर्चीच्या हातांवरून बोट फिरवलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काय गं, तू त्या अर्जात माझा गुडघा काढला नाहीस ना?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "पुढच्या बाजूला अजिबात नाही."