पहिला मग

त्या हिवाळ्यात आई रोज सकाळी म्हणायची, "गिझर पाहून घे न गा, पाणी थंड येऊन राह्यलं." बोअरच्या क्षारानं शॉवर कधीचाच बुजला होता, म्हणून ती बादलीनं आंघोळ करायची. मी नळाखाली हात धरायचो, तर पाणी चटका बसेल इतकं गरम. शेवटी एकदा मी खेकसलो, "गरमच तर आहे! वयानं थंडी वाजते तुले." त्यानंतर तिनं सांगणं सोडलं.

थंडी सरायच्या आत ती गेली. तेरवीला पाहुणे येणार म्हणून मी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं लाइट बंद केली, पाणी सोडून दिलं आणि गिझरचं खालचं झाकण खोललं. पांढरे खडे घमेलंभर निघाले. हीटिंग कॉइल तर चुन्यात बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

"काका, अर्धी टाकी यानंच भरली होती. दोन मग गरम, मंग थंडच येत असन. आंघोळ कोण करून राह्यलं होतं इथं?"

त्यानं कॉइल निंबूसताच्या पाण्यात भिजवून खरवडली, शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये टाकली आणि छिद्रं टाचणीनं मोकळी केली. सगळं जोडून, पाणी तापल्यावर तो म्हणाला, "पाहा हात लावून."

मी हात धरला आणि बादली पूर्ण भरेपर्यंत काढला नाही. पाणी शेवटपर्यंत गरम होतं.