अकीक्याचं मीठ

माझी मुलगी रविवारी दुपारी दोन वाजता चिखलीच्या दवाखान्यात जन्मली आणि त्याच क्षणी मी हिशोब करून टाकला: सात दिवसांनी पुन्हा रविवार. शाळेला सुट्टी, नातेवाइकांना सुट्टी, सगळं कसं जुळून आलं होतं. दवाखान्याच्या जिन्यावरूनच मी वीसेक जणांना फोन लावले. "येत्या रविवारी अकीका. यायचंच." मी गणित शिकवतो, हे इथे सांगून ठेवतो. पुढे हसताना उपयोगी पडेल.

अकीका म्हणजे मूल झाल्याच्या आनंदात, अल्लाहचे आभार मानून सातव्या दिवशी दिलेली कुर्बानी. मुलगा झाला तर दोन बकरे, मुलगी झाली तर एक. त्याच दिवशी बाळाचं जावळ काढायचं, नाव ठेवायचं आणि गोश्त, म्हणजे मटण, वाटायचं. लग्नानंतर आठ वर्षांनी आमच्याकडे पाळणा हलला होता, त्यामुळे मला एका बकऱ्यावर थांबवणंसुद्धा अब्बांना जड गेलं. "एकच सांगितलाय तर एकच करायचा," ते म्हणाले. "उत्साह आहे म्हणून हुकूम बदलत नसतो."

माझ्या बायकोला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याच गावी, माझ्या अम्मीच्या हाताखाली झालं. आठवडाभर ती मुगाचं वरण आणि मऊ भात खात होती. एकदा बाळाला पाजता पाजता तिने मला हळूच विचारलं, "सगळा गाव माझ्या लेकीची दावत खाणार. मी वरणच खायचं का?"

ती हसत होती, पण प्रश्न खरा होता. आमच्या घरात एक रीत होती. अकीक्याचं गोश्त आईबापांनी आणि आजी-आजोबांनी खायचं नाही. माझ्या अकीक्याला दादीने, म्हणजे अब्बांच्या आईने, अम्मीला हेच सांगितलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी, सात दिवसांची बाळंतीण असलेल्या अम्मीने चुलीपुढे बसून दोन बकऱ्यांचं सालन, म्हणजे रस्सा, रांधलं, आणि चाखायला मनाई म्हणून मीठ अंदाजाने टाकलं. मीठ कमी पडलं. सगळी पंगत अळणी सालन जेवली आणि अम्मी आत तुरीचं वरण आणि भाकर जेवली. दादी असेपर्यंत या अळणी सालनाची गोष्ट घरात दर ईदला निघायची. अम्मीही हसायची. पण शेवटी न चुकता म्हणायची, "मी गोश्ताची एक बोटीसुद्धा तोंडात टाकली नाही." हे मात्र ती ताठ मानेने म्हणायची.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मी मशिदीतल्या मौलानांना आमंत्रण द्यायला गेलो. त्यांनी विचारलं, "बाळ कधी झालं?"

"रविवारी."

"मगरिबच्या आधी की नंतर?" सूर्य मावळला की आमच्याकडे पुढचा दिवस लागतो, म्हणून ते विचारत होते.

"आधी. दुपारी दोनला."

ते गालात हसले. "मग जन्माचा दिवस पहिला धरा, सर. रविवारी जन्म, तर सातवा दिवस शनिवार. जन्माच्या वाराआधीचा वार, एवढं लक्षात ठेवलं की चुकत नाही."

मी बोटं मोजली. रवि, सोम, मंगळ... सातवं बोट शनिवारवर आलं. गणिताचा मास्तर बोटांवर मोजतोय आणि चुकलेला निघतोय, हे मशिदीच्या पायरीवर चार पोरांनी पाहिलं. मौलाना म्हणाले की सातवा चुकला तर चौदाव्या दिवशी करा, एकविसाव्या दिवशी करा, नंतरही होतो, काही बिघडत नाही. पण मला सातवाच हवा होता. आठ वर्षं वाट पाहिली होती, आणखी एक आठवडा थांबायची माझी तयारी नव्हती.

जाता जाता मी दुसरा प्रश्न विचारला. "बाळाची आई हे गोश्त खाऊ शकते का?"

"का नाही? आईबाप, आजी-आजोबा, सगळे खाऊ शकतात. बकरी ईदच्या कुर्बानीसारखंच आहे. न खाण्याचं लोकांनी मागून लावलंय."

मी जवळजवळ पळतच घरी आलो. आणि तिथे मी माती खाल्ली. अम्मी अंगणात तांदूळ निवडत होती. मी दारातूनच ओरडलो, "अम्मी, उद्याच अकीका! आणि ती रीत खोटी आहे! तू पस्तीस वर्षं उगीच मिरवलंस, तुला खाता आलं असतं!"

अम्मीचा हात सुपातच राहिला. "काऊन ओरडून राह्यला?" एवढंच म्हणाली. मग सूप उचलून आत गेली. बायकोने खोलीतून माझ्याकडे असं पाहिलं की मला लगेच बाहेर काहीतरी काम आठवलं.

काम होतंच. बकरा रविवारच्या बेताने ठरवला होता, पण आणलेला नव्हता. शेजारचे काका शेतकरी, मराठा, आमच्या तीन पिढ्यांचा घरोबा. त्यांच्या गोठ्यात मी एक काळा, गुबगुबीत बकरा पसंत केला होता. काकांनी त्याचं तोंड उघडून दाखवलं.

"हा तुले चालत नाही."

"का? किती धष्टपुष्ट आहे!"

"अबे, दुधाचे दात हायेत याचे. वर्ष भरलं नाही. तुमच्यात वर्षाच्या आतला चालत नाही, हे मले तुह्या आजोबानं सांगितलं, अन् तुले माहीत नाही?"

मग त्यांनी दुसरा धरला, तांबडा, अंगाने जरा हलका, पण समोरचे दोन पक्के दात आलेला. आम्ही त्याला चालवून पाहिलं. लंगडत नव्हता. डोळे स्वच्छ, दोन्ही कान शाबूत, शिंगं मुळापासून धड. मुलगी आहे तर बकरी न्यावी का, अशी शंका मी काढली, तेव्हा मागून आलेले अब्बा म्हणाले, "बकरा काय, बकरी काय, दोन्ही चालतात. तू आता शंका काढणं बंद कर." दिवस मावळायच्या आत तांबडा बकरा आमच्या अंगणात बाभळीचा पाला खात उभा होता, आणि मी फोनवर पुन्हा वीस जणांना सांगत होतो, "रविवार नाही, शनिवार. हो, उद्या. हो, चूक माझी."

जालन्याच्या नातेवाइकांना जमणार नव्हतं. माझी बहीण मात्र पहिल्या एसटीने मेहकरहून आली आणि उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "कोणत्या वर्गाला शिकवतोस रे?"

सकाळी अब्बांनी बकऱ्याला आधी पाणी पाजलं. सुरी त्याच्या नजरेआड ठेवली होती. त्याला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड करून निजवलं. अब्बांनी दुआ पढली, तिच्यात माझ्या मुलीचं नाव घेतलं. ते नाव मोठ्याने उच्चारलेलं आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. मग "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर" म्हणून त्यांनी सुरी चालवली. आत खोलीत न्हाव्याने जावळ काढलं. बाळ रडलंच नाही, उलट जांभई दिली. जावळाच्या वजनाइतक्या चांदीचे पैसे गरिबाला द्यायचे असतात. सोनाराच्या काट्यावर ते केस इतके हलके भरले की अब्बांनी आपल्या मनाने दान बरंच वाढवलं.

खाटकाने कातडं काढलं आणि सांधे सोडवायला घेतले. हाडं न फोडता सांध्यावर कापायची, ही आमच्या घरची पद्धत. अब्बांनी त्याची मजुरी आधीच रोख दिली होती, कारण मजुरी म्हणून गोश्त किंवा कातडं देता येत नाही. कातडं मदरशाकडे गेलं. चटईवर तीन ढीग लागले: एक गरिबांचा, एक नातेवाईक आणि शेजाऱ्यांचा, एक घरचा. कोणाला नुसती हाडं जाऊ नयेत म्हणून अब्बा प्रत्येक ढिगात थोडं रानेचं म्हणजे मांडीचं, थोडं छातीचं घालत होते. हे तीन भाग करणं बंधनाचं नाही, पण अब्बांचा हात त्यातच बसलेला. पिशव्या घेऊन मी गावभर फिरलो. पहिली पिशवी वाड्यापलीकडच्या विधवा खालाकडे, एक ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाकडे, आणि शेजाऱ्यांची पहिली काकांकडे. काकूंनी पिशवी हातात घेऊन म्हटलं, "पोरीचं तोंड दाखव आधी." मी इतका खुशीत होतो की एका घरी दोनदा गेलो. त्यांनी दुसरी पिशवी परत केली नाही.

परतलो तेव्हा घरच्या भागाचं सालन चुलीवर रटरटत होतं. बाजूला छोट्या पातेल्यात वरण होतं. मला कळलं, अम्मीने काही बदललं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मौलाना बाळाला दुआ द्यायला आले. अम्मी पदर सावरून दाराच्या आडून बोलली.

"मौलाना साहेब, बाळाची माय हे खाऊ शकते?"

"खाऊ शकते, आपा."

"अन् दादी?"

"दादीपण."

अम्मीने पुढे विचारलं, "पस्तीस वर्षांमागंही खाता येत होतं?"

मौलानांनी मान खाली घातली. "येत होतं, आपा. पण तुम्ही मन मारलंत ते अल्लाहने पाहिलंय."

मला वाटलं आता अम्मी वरण घेऊनच बसणार, आणि याला मीच जबाबदार. काल ओरडलो नसतो तर बरं झालं असतं. ज्या गोष्टीवर ती आयुष्यभर ताठ मानेने बोलली, तिची मी अंगणात उभं राहून चेष्टा केली होती.

ती चुलीपाशी गेली. पाहुण्यांच्या पंगतीला अजून वेळ होता. तिने एका ताटात सालन वाढलं, वर मऊ बोटी निवडून ठेवली, आणि स्वतः ते माझ्या बायकोच्या खाटेपाशी नेलं. "घे. पहिली तू. माह्या वक्ताले मले कोणी देलं नाही."

बायकोने घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने हळूच खाली पाहिलं, मग अम्मीकडे. "अम्मी, झकास झालंय. पण मीठ जरासं..."

बहीण फस्सकन हसली. मग अब्बा. मग अम्मीही हसली, आणि हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला. सवयीने तिने या वेळीही चाखलं नव्हतं.

ती चुलीपाशी परत गेली. पळीतलं थोडं सालन तळहातावर घेतलं, फुंकर मारली आणि चाखलं. "हाव. कमी हाय." मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. मान डोलावली. आता मीठ बरोबर होतं.

मग तिने पळी तिसऱ्यांदा बुडवली, आणि एक बोटी काढून तोंडात टाकली.