डाव्या कुशीचा शेजारी

शटरखालून वाकून आत गेलो तेव्हा दामोदर टेबलावर उठून बसला होता. डाव्या हातात त्याने एक हात धरला होता. एखादी जड, परकी वस्तू धरावी तसा.

"अण्णा, हा हात इथं कुणी ठेवला?" तो म्हणाला.

तो त्याचाच उजवा हात होता. पण अर्धवट झोपेत त्याला ते कळत नव्हतं. उशीजवळ कुणाचा तरी थंड हात सापडला म्हणून त्याने तो उचलला होता. मग बोटांत मुंग्या आल्या आणि त्याला ओळख पटली. मी उगाच हसलो. तो हसला नाही.

दामोदर आमच्या कब्बनपेटेतला शिंपी. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि कापडाशी दोन्ही. लग्नाच्या ब्लाऊजवरचं हाताचं काम त्याच्याकडेच यायचं. त्याची तुरपाई उलट बाजूनेही दिसत नसे. दुपारी जेवण झालं की शटर अर्धं ओढून कटिंगच्या टेबलावर तो तासभर झोपे. गेली काही वर्षं तो पालथाच झोपायचा, तोंड उजवीकडे वळवून, उजवा हात उशीखाली.

त्या दिवसांत त्याला सुई ओवता येईनाशी झाली होती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. त्याची बायको शिवलीला हुक लावता लावता म्हणाली, "अण्णा, तुम्ही तरी सांगा यांना, पालथं झोपू नका म्हणून. बोटं गेली तर मग दुकानात काय, नुसती इस्त्री करणार का?"

"पाठीवर झोपलो तर मरेन," दामोदर म्हणाला. "ते तुला चालेल?"

"रोज तेच. मरणाचं सरी, ठीक, जगण्याचं बघा."

मग त्याने मला त्याचं कारण सांगितलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तो वॉर्डात होता. नर्स म्हणाली, पालथे झोपा. तो पालथा झाला आणि बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा हळूहळू चढला. डावीकडच्या खाटेवर मालोजीराव नावाचे गृहस्थ होते, निपाणीचे. पोट मोठं, त्यांना पालथं होणं जमेना. ते उताणे पडून राहिले. घोरायचे. मध्येच घोरणं थांबायचं, सगळा वॉर्ड थांबल्यासारखा वाटायचा, मग एकदम दचकल्यासारखा श्वास यायचा. एका पहाटे तो आलाच नाही.

"मी तोंड भिंतीकडे करून पडलो होतो," दामोदर म्हणाला. "वळून बघवलं नाही."

"आणि आता?"

"आता उताणा झालो की ते डावीकडे येतात. आधी घोरतात. मग थांबतात. मी वाट बघतो. पालथा झालो की जातात."

शिवलीलाने दोरा तोडला.

माझ्या ओळखीच्या एका मुलीकडे, प्रांजलीकडे, मी त्याला घेऊन गेलो. ती फिजिओथेरपिस्ट, पुण्याहून आलेली. तिने त्याची मान उजवीकडे वळवून थोडी मागे दाबली. दामोदर कळवळला. मुंग्या थेट अंगठ्यापर्यंत गेल्या.

"काका, ही नस मानेतून निघते. पालथं झोपलं की श्वास घ्यायला मान पूर्ण वळवावीच लागते, आणि तुम्ही तासन्‌तास एकाच बाजूला वळवता. शिवाय पोटाच्या वजनाने कंबर खाली झोळीसारखी होते. कंबर दुखते ना?"

"दुखते. पण पालथं झोपल्यानंच मी वाचलो."

"तेव्हा बरोबर होतं. फुफ्फुसांना सूज होती, पाठीकडचा भाग दबून बंद पडला होता, पालथं झाल्यावर तो उघडला. आता तुमची फुफ्फुसं चांगली आहेत. आता कुशीवर झोपा. कुठल्या कुशीवर बरं वाटतं?"

"उजवीकडे वळलं की जेवण घशाशी येतं."

"मग डावी. डाव्या कुशीवर जठरातलं आम्ल वर यायला अडचण पडते."

दामोदरचा चेहरा उतरला. डावीकडे म्हणजे त्या खाटेकडे तोंड करून. मी तिला हे काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला दुकानात बसवून ठेवलं. "तुम्ही ऐका," म्हणाला, "येतात की नाही." शिवलीलाने मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो कापडांच्या गठ्ठ्यावर ठेवला. शटर अर्धं खाली होतं. बाहेर रिक्षांचा आवाज. आत दांडीवर टांगलेले ब्लाऊज, पुढे सरसावलेल्या खांद्यांसारखे. दामोदर उताणा झोपला.

थोड्या वेळाने त्याचा जबडा सैल पडला आणि घोरणं सुरू झालं. मग ते थांबलं.

मी त्याच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत होती. पोट वर येत होतं, खाली जात होतं, आधीपेक्षा जोरात. पण नाकातोंडातून काही आत जात नव्हतं. बंद दाराला आतून कुणी धक्के देत असावं, तसं ते अंग चाललं होतं. शिवलीला पुढे झाली, तेवढ्यात मोठा खरखरीत श्वास आला आणि दामोदरने डोळे उघडले.

"ऐकलंत ना, अण्णा? डावीकडेच होते."

"अरे, तूच घोरत होतास."

"मी जागाच होतो."

शिवलीलाने रेकॉर्डिंग लावलं. घोरणं, मग ती शांतता, मग तो श्वास. दामोदर मान खाली घालून ऐकत होता.

"हेच," तो हळूच म्हणाला. "हेच मालोजीराव."

"अहो, मी हे तुमच्या तोंडातून निघताना पाहिलंय," शिवलीला म्हणाली. "या डोळ्यांनी."

त्याने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळेला तो स्वतःच्या गळ्याला हात लावून बसला होता.

प्रांजलीने ते ऐकून त्याला लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. झोपेची तपासणी झाली. उताणं झोपल्यावर जीभ आणि टाळ्याचा मऊ भाग मागे पडून श्वासाची वाट बंद होते. कुशीवर त्याचा श्वास जवळजवळ नीट चालतो. आजार सौम्य आहे, पण उताणं झोपणं बंद, असं सांगितलं. म्हणजे पोट गेलं, पाठ गेली, उजवी गेली.

उरली ती बाजू त्याने एका दुपारी धरली. खांद्याच्या उंचीची उशी डोक्याखाली, म्हणजे मान सरळ. दुसरी गुडघ्यांमध्ये, म्हणजे कंबर पिळायला नको. पुन्हा पालथा होऊ नये म्हणून छातीशी कापडाचा गठ्ठा कवटाळलेला. डोळे बराच वेळ उघडेच होते. समोरच्या मोकळ्या जागेकडे तो बघत होता. शिवलीला तिथे स्टूल ठेवायला गेली तर म्हणाला, "नको. स्वल्प जागा राहू दे."

मग झोपला. घोरणं नाही. इतका बारीक श्वास की मी दोनदा जवळ जाऊन पाहिलं.

मानेचे व्यायाम चालू राहिले. महिने गेले, मग मुंग्या कमी झाल्या. गौरी-गणपतीच्या कामाच्या वेळी त्याने माझ्यासमोर सुई ओवली. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या खेपेला. शिवलीलाने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

मला विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं. "ते येतात का रे अजून?"

दामोदरने टाका घातला. दोरा ओढला.

"येतात की," तो सहज म्हणाला. "समोरच असतात. पण आता तेही कुशीवर झोपतात, अण्णा. माझ्याकडे तोंड करून. घोरत नाहीत."