एकेचाळीस नंबरची चादर

आमच्या हॉटेलात पाहुण्यांना नुकसानभरपाईची पत्रं लिहिणाऱ्या कारकुनाला आम्ही मास्तर म्हणायचो. खोल्या आवरताना चादर डागाळलेली, नळ तुटलेला दिसला, की मी फोटो द्यायची आणि मास्तर लिहायचे, "आपला मुक्काम सुखाचा झाला असेल अशी आशा आहे. मात्र दोनदा धुऊनही डाग निघाला नाही, त्यामुळे चादरीची किंमत आपल्याला भरावी लागेल." शब्द एकही कडू नाही, सूट एका पैशाची नाही. वीस वर्षांत त्यांच्या पत्राशी कुणी भांडलं नव्हतं.

भरपाई मिळाली की चादर फाडून फडकी करायची, हा नियम. पण परवाच्या फोटोत कोपऱ्यावर शिवलेला नंबर पाहून मास्तर चमकले.

"एकेचाळीस? बाई, हिचे पैसे आधी दोघांनी भरलेत!"

"माझ्यावर कशाला डाफरता? फाडू नकोस, परत पलंगावर घाल, असं मॅनेजरसाहेबच म्हणाले."

मास्तर तरातरा साहेबांकडे गेले. मी मागोमाग दारापर्यंत.

साहेब हसले. "अहो मास्तर, पैसे काय डागामुळे मिळतात? तुमचं पत्र इतकं गोड असतं, की वाचणाऱ्याला वाटतं, आपलंच चुकलं असेल."

मास्तर परतले. निवृत्तीला चार वर्षं, घरी अंथरुणाला खिळलेली बायको. त्यांनी कागद ओढला, "आपला मुक्काम सुखाचा" इथवर लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "डाग दोनदा धुतलाय ना?"

"धुतलाय की," मी म्हणाले. "वर्षभर धुतेच आहे."